पहिला भाडेकरार: सही करण्याआधी घर सोडायची कलमं वाचा

पहिल्यांदा भाड्याचं घर घेणारा माणूस करार हातात आला की तीन गोष्टी तपासतो: स्वतःचं नाव, भाड्याचा आकडा आणि तारीख. या तिन्ही बहुतेक वेळा बरोबर असतात, कारण त्यावरच तर बोलणं झालेलं असतं. भांडण होतं ते ज्यावर बोलणं झालेलं नसतं त्यावरून. मध्येच घर सोडावं लागलं तर काय, डिपॉझिट कधी मिळणार, बंद पडलेला गीझर कोणी दुरुस्त करायचा. या सगळ्याची उत्तरं त्याच कागदात लिहिलेली असतात, फक्त ती दुसऱ्याने लिहिलेली असतात.

म्हणून इथे कलमांचा क्रम थोडा उलटा घेतला आहे. घरात शिरायच्या कलमांपेक्षा बाहेर पडायच्या कलमांना जास्त वेळ दिला आहे. प्रश्न नवख्या भाडेकरूला पडतात तेच आहेत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सगळीकडे महिन्याचं भाडं १२,००० आणि कराराची सुरुवात १० मार्च धरली आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. प्रत्येक ठिकाणचा भाडेकायदा वेगळा असतो, आणि करारातली काही वाक्यं कायद्यापुढे टिकत नाहीत. पण ती टिकत नाहीत हे वाद पार वर गेल्यावर सिद्ध होतं. मसुद्यातच वाक्य बदलून घेणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

वाचायला बसण्याआधी जवळ काय हवं

- कराराचा पूर्ण मसुदा, परिशिष्टांसकट
- मालकीचा कागद किंवा ताज्या कर-पावतीची प्रत, ज्यावर मालकाचं नाव आहे
- मालकाऐवजी दुसरं कोणी सही करणार असेल तर त्यांचं मुखत्यारपत्र
- घर ठरवताना झालेले मेसेज, विशेषतः ज्यात काही कबूल केलेलं आहे ते
- पेन्सिल आणि कॅलेंडर. कॅलेंडर खरंच लागतं, पुढे कळेलच.

१. आधी मसुदा मागा, सही नंतर

*"करार सहीच्या दिवशीच दाखवतो म्हणाले. चालेल का?"*

नको. सहीच्या टेबलावर सगळे घाईत असतात आणि वाचत बसणारा माणूस उगाच अवघडतो. दोन दिवस आधी मसुदा मागा. न देण्यासारखं त्यात काही नसतं.

पहिल्या वाचनात अर्थाच्या मागे लागू नका, फक्त रिकाम्या जागा शोधा. "परिशिष्ट अ मध्ये दिलेल्या यादीनुसार" असं लिहिलंय आणि परिशिष्ट जोडलेलंच नाही, हा सगळ्यात जास्त सापडणारा दोष. तुम्ही सही करता तेव्हा त्या न पाहिलेल्या यादीवरही सही करत असता.

*"ज्यांनी घर दाखवलं ते मालकांचे भाऊ. सही तेच करणार आहेत."*

मग मुखत्यारपत्र बघा, आणि त्यात घर भाड्याने द्यायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का ते बघा. भाडं कोणत्या खात्यात जाणार तेही करारात यायला हवं. करार एकाच्या नावाने आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, असं असेल तर डिपॉझिट मागायच्या दिवशी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

*"आम्ही तिघं मिळून घर घेतोय. एक जण मध्येच गेला तर?"*

करारात "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार" हे शब्द शोधा. ते असले तर मालक पूर्ण भाडं तुमच्यापैकी कोणा एकाकडूनही मागू शकतो. गेलेल्याचा वाटा ही तुमची आपसातली बाब, मालकाला तिच्याशी देणंघेणं नाही. हे कलम मालक सहसा बदलत नाहीत. त्यापेक्षा "एक जण गेल्यास मालकांच्या लेखी संमतीने त्याच्या जागी दुसरा भाडेकरू घेता येईल" एवढं वाक्य वाढवून घ्या. आणि तिघांत डिपॉझिट कोणी किती भरलं याचा वेगळा कागद आपसात करून ठेवा.

२. मुदत, लॉक-इन आणि नोटीस एकत्र वाचा

ही तीन कलमं करारात बहुधा तीन वेगवेगळ्या पानांवर असतात आणि वेगवेगळी वाचली तर तिन्ही साधी वाटतात. खरी गंमत ती शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते. कॅलेंडर लागतं ते इथे.

लॉक-इन म्हणजे सुरुवातीचा असा काळ, ज्यात करार मध्येच मोडता येत नाही. समजा, मुदत १२ महिने, लॉक-इन ६ महिने, नोटीस १ महिना. करार १० मार्चला सुरू, म्हणजे लॉक-इनचा शेवटचा दिवस ९ सप्टेंबर. आणि नोटिशीचं वाक्य असं:

"लॉक-इन कालावधी संपल्यानंतर भाडेकरू एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणू शकेल."

*"म्हणजे मी ९ सप्टेंबरला घर सोडू शकतो, बरोबर?"*

या वाक्यावरून सांगता येत नाही. "संपल्यानंतर" हा शब्द नोटीस देण्याला लागू आहे की करार संपण्याला?

तुमचं वाचन असं असेल: १० ऑगस्टला नोटीस दिली, महिना ९ सप्टेंबरला भरला, त्याच दिवशी लॉक-इनही संपलं, चावी दिली. मालकाचं वाचन असं असू शकतं: लॉक-इन चालू असताना नोटीस देताच येत नाही. ती १० सप्टेंबरला द्यायची, म्हणजे घर सुटणार ९ ऑक्टोबरला. एका शब्दाच्या जागेवरून एक महिन्याचं भाडं.

त्यातच कुठेतरी "नोटीस कालावधी पुढील कॅलेंडर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मोजला जाईल" असं असेल तर १० सप्टेंबरला दिलेली नोटीस १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३१ ऑक्टोबरला संपते. म्हणजे ९ सप्टेंबरच्या पुढे एक महिना आणि वर २२ दिवस. महिन्याचे ३० दिवस धरून दिवसाचं भाडं ४०० होतं, तेव्हा १२,००० अधिक ८,८०० मिळून २०,८००. सहा महिन्यांचा लॉक-इन आहे असं समजून सही केलेल्या माणसाला तो प्रत्यक्षात जवळपास पावणेआठ महिन्यांचा पडतो.

हे दुरुस्त करायला एकच वाक्य लागतं, आणि त्यात तारीख हवी: "लॉक-इनचा शेवटचा दिवस ९ सप्टेंबर आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर संपणारी नोटीस लॉक-इन चालू असतानाही देता येईल. नोटिशीचा महिना ती मिळाल्याच्या तारखेपासून मोजला जाईल." महिन्यांच्या संख्येपेक्षा तारखा लिहून घेणं केव्हाही चांगलं. संख्येचे अर्थ दोन निघतात, तारखेचा एकच.

*"लॉक-इन मोडून आधीच जावं लागलं तर?"*

करारात दोनपैकी एक सापडेल. एक, उरलेल्या सगळ्या लॉक-इनचं भाडं भरा. दोन, ठरावीक रक्कम भरा, म्हणजे एक किंवा दोन महिन्यांचं भाडं. तिसऱ्याच महिन्यात सोडायची वेळ आली तर या दोन वाक्यांत मोठाच फरक पडतो. पहिल्या प्रकारचं वाक्य असेल तर त्याला निदान शेपूट जोडून घ्या: "मात्र त्याआधी नवा भाडेकरू राहायला आल्यास तो आल्याच्या तारखेपर्यंतचंच भाडं देय राहील." एकाच घराचं एकाच महिन्याचं भाडं दोघांकडून घेण्यात काही न्याय नाही, आणि असं समोर मांडलं की मालकही सहसा मान्य करतात.

*"लॉक-इन मालकालाही लागू असतो ना?"*

वाक्याचा कर्ता बघा. "भाडेकरू लॉक-इन काळात घर सोडणार नाही" असं असेल तर बांधलेले फक्त तुम्ही. "कोणताही पक्ष करार संपुष्टात आणणार नाही" असं असेल तर दोघंही. नोटिशीच्या कलमातही तुमची नोटीस एक महिन्याची आणि मालकाची पंधरा दिवसांची असा दुजाभाव आढळतो. नवं घर शोधायला वेळ तुम्हाला लागणार आहे, त्यामुळे निदान समान मुदत तरी मागाच.

*"नोटीस मेसेजवर दिली तर चालते का?"*

"लेखी" एवढंच लिहिलेलं असेल तर वादाला जागा राहते. कुठे पाठवलेली नोटीस धरायची हे लिहून घ्या: अमुक ईमेल, किंवा अमुक नंबरवरचा मेसेज. नोटिशीसाठी मालकाचा पोस्टाचा पत्ताच दिला असेल तर तो चालू आहे का विचारा. कित्येकदा तिथे ज्या घरात तुम्ही राहायला चालला आहात त्याच घराचा पत्ता असतो. मग तुम्ही पाठवलेली नोटीस टपालाने तुमच्याच दारात येते.

*"मुदत संपल्यावर राहिलो तर आपोआप वाढते का?"*

काही करारांत आपोआप वाढते, कधी नव्या लॉक-इनसकट. काहींत उलट, ताबा न दिल्यास दुप्पट दराने रोजचा दंड सुरू होतो. दुसऱ्या प्रकारात एक खाच असते. तुम्ही सामान काढून तयार आहात, पण मालक बाहेरगावी आहेत आणि चावी घ्यायला चार दिवसांनी येणार आहेत. दंड लागतो की नाही? "भाडेकरूने घर रिकामं करून चावी देऊ केल्याचं लेखी कळवल्यानंतर दंड लागू होणार नाही" हे वाक्य त्यासाठी.

३. डिपॉझिट: किती यापेक्षा कधी आणि काय कापून

*"डिपॉझिट परत मिळेल असं लिहिलंय. अजून काय हवं?"*

दिवस हवेत. "वाजवी कालावधीत" किंवा "हिशोब पूर्ण झाल्यावर" याला मुदत म्हणत नाहीत. हिशोब मालकच करणार, तेव्हा तो पूर्ण कधी होणार हेही तेच ठरवणार. तुम्हाला मात्र नव्या घराचं डिपॉझिट त्याच आठवड्यात भरायचं असतं. "चावी दिल्याच्या दिवशी, घर पाहून झाल्यावर" हे सर्वात चांगलं. ते जमत नसेल तर "चावी दिल्यापासून अमुक दिवसांत", आणि विजेचं शेवटचं बिल यायचं असेल तर त्यापुरतीच रक्कम मागे ठेवून बाकीची लगेच. एका बिलासाठी सगळं डिपॉझिट अडकवायचं कारण नाही.

*"कापायच्या रकमेबद्दल काय बघायचं?"*

दोन शब्दसमूह शोधा. पहिला, "मालकांच्या मते". "मालकांच्या मते झालेलं नुकसान वजा करून" असं असेल तर नुकसान काय आणि किती, दोन्ही एकाच माणसाने ठरवायचं झालं. तिथे "प्रत्यक्ष खर्चाच्या बिलानुसार" असं करून घ्या. दुसरा, "नैसर्गिक झीज वगळून". हे शब्द कलमात असायलाच हवेत. नसतील तर घर जसं मिळालं अगदी तसंच परत द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि ते कोणालाच शक्य नसतं.

झीज आणि नुकसान यांतली रेघ साधारण अशी ओढतात: नीट वापरूनही जे होणारच, ती झीज. उन्हाने उडालेला रंग, सैल झालेली बिजागरी, जिथे रोज पाय पडतो तिथे गुळगुळीत झालेली फरशी. गरम भांडं ठेवून पडलेला ओट्यावरचा डाग किंवा वस्तू पडून तडकलेली फरशी, हे नुकसान. नुकसान असलं तरी वस्तूचं वय मोजावं लागतं. पाच वर्षं टिकणारा रंग तुम्ही आलात तेव्हाच चार वर्षांचा होता, आणि एका भिंतीवर तुमच्याकडून मोठा ओरखडा उठला. तर फार तर त्या भिंतीचा खर्च तुमचा, आणि तोही उरलेल्या आयुष्याच्या मानाने. अख्ख्या घराच्या नव्या रंगाचं बिल तुमच्या डिपॉझिटमधून जायला नको.

पण करारात "घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं सरळ लिहिलेलं असेल तर वरचा सगळा युक्तिवाद तिथेच संपतो. तुम्ही भिंतीला हात लावला नसला तरी १२,००० गेले. असं कलम दिसलं तर ते काढायला सांगा, नाहीतर ती रक्कम पहिल्याच दिवशी भाड्यात मिळवून दोन घरांची तुलना करा. वर्षभर राहणार असाल तर भाडं १२,००० नसून १३,००० आहे.

*"शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करता येतं?"*

करारात मुभा असेल तरच. बहुतेक करार स्पष्ट मनाई करतात आणि तसं केल्यास ते थकलेलं भाडं धरलं जातं. तोंडी "करू की ऍडजस्ट" म्हटलेलं असलं तरी लेखी घ्या.

घर मध्येच विकलं गेलं तर डिपॉझिट कोण देणार, हेही एका ओळीत यायला हवं. तुमचे पैसे जुन्या मालकाकडे आणि चावी नव्याकडे, ही स्थिती टाळायची आहे.

४. सामानाची यादी स्वतः लिहा

डिपॉझिटचं कलम कितीही चांगलं असलं तरी ते या यादीवर उभं असतं. छापील यादीत "पंखे ३, दिवे ६, गीझर १" एवढंच असतं. त्यातून संख्या कळते, अवस्था नाही.

*"मग कसं लिहायचं?"*

असं: "हॉलमधला पंखा: चालतो, सर्वांत जास्त वेगावर थरथरतो. स्वयंपाकघरातलं सिंक: उजव्या कोपऱ्यात पोचा. सिंकखालच्या कपाटाचं प्लायवूड तळाशी फुगलेलं." हे शेवटचं मुद्दाम वाकून बघा. फुगलेलं प्लायवूड म्हणजे तिथे पाणी गळत होतं किंवा अजून गळतंय, आणि ते तुमच्या काळात फुगलं नाही हे नंतर सिद्ध करता येत नाही.

घरात अर्धा तास द्या. प्रत्येक सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून बघा. सगळे नळ दोन मिनिटं पूर्ण सोडा, मग खालचा पाइप बोटाने चाचपा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते बघा. खिडक्यांच्या कड्या लावून काढून बघा. प्रत्येक दोषाचा एक जवळून आणि एक लांबून, असे दोन फोटो काढा. नुसता जवळचा फोटो कोणत्या भिंतीचा आहे हे वर्षाने तुम्हालाही ओळखता येत नाही. फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

५. दुरुस्ती

*"किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, मोठी मालकाची असं लिहिलंय. ठीक आहे ना?"*

अर्धवट ठीक आहे. किरकोळ म्हणजे किती? नळाचा वॉशर किरकोळ आणि भिंतीतल्या पाइपची गळती मोठी, यावर कोणी वाद घालत नाही. वाद मधल्या गोष्टींवर असतो: गीझरची कॉइल, फ्लशची टाकी, दाराचं कुलूप. एका दुरुस्तीमागे एक रक्कम ठरवा. तिच्या आतलं तुमचं, वरचं मालकाचं. "सर्व दुरुस्त्या भाडेकरूने कराव्यात" असं असेल तर सही करायची घाई करू नका. त्यात तुमच्या आधीपासून गंजत आलेला पाइपही येतो.

रकमेइतकीच मुदतही लागते. मोठी दुरुस्ती कळवल्यापासून किती दिवसांत होणार? नाही झाली तर तुम्ही करून घेऊन बिल दाखवून भाड्यातून वजा करू शकता का? ही परवानगी लेखी नसेल तर परस्पर वजा केलेली रक्कम थकबाकी ठरू शकते.

६. भरभर बघण्याची कलमं

भाडेवाढ: दरवर्षी १० टक्के म्हणजे आधीच्या वर्षीच्या भाड्यावर असेल तर १२,०००, १३,२००, १४,५२०. मूळ भाड्यावर असेल तर तिसऱ्या वर्षी १४,४००. फरक थोडा आहे, पण वाढ देखभाल खर्चावरही लागते का हे मात्र विचारा.

मालकाचं येणं: "केव्हाही पाहणी करता येईल" ऐवजी "एक दिवस आधी कळवून, आणीबाणीचा प्रसंग वगळता".

पाहुणे आणि पोटभाडेकरू: पोटभाडेकरू ठेवायला मनाई असणं नेहमीचं आहे. पण त्याच वाक्यात "इतर कोणीही व्यक्ती राहणार नाही" असं असेल तर पंधरा दिवस राहायला आलेले आई-वडीलही त्यात बसतात. मुक्कामाचे दिवस लिहून घ्या.

७. बदल सांगणं आणि सही

*"एवढे बदल सांगितले तर मालक घर देणार नाहीत असं वाटतं."*

सगळे सांगू नका. वरचे सगळे मुद्दे एका कागदावर लिहून पाठवले तर तुम्ही वकील लावल्यासारखे दिसाल. तीन निवडा: नोटीस आणि लॉक-इनच्या वाक्यात तारीख, डिपॉझिट परतीचे दिवस, आणि "नैसर्गिक झीज वगळून". या तिन्हींत मालकाचा खर्च काहीच वाढत नाही, त्यामुळे नकार द्यायला कारण उरत नाही. तरीही "आमचा फॉरमॅट ठरलेला आहे, बदलत नाही" असं उत्तर आलं तर बाहेर पडताना तुम्हाला किती खर्च येईल ते वरच्या पद्धतीने मोजा आणि त्या आकड्यासकट घर परवडतं का ते ठरवा.

कबूल झालेला बदल मसुद्यात टाईप करून घ्या. हाताने दुरुस्ती करायची वेळ आलीच तर त्या ओळीशेजारी दोघांचीही छोटी सही हवी, एकट्या तुमची नको. रिकाम्या जागा आडवी रेघ मारून बंद करा. "हे लिहायची गरज नाही, मी आहे ना" असं ज्या गोष्टीबद्दल ऐकाल तीच आधी लिहून घ्या. बऱ्याच करारांच्या शेवटी "यापूर्वीचं कोणतंही तोंडी बोलणं ग्राह्य धरलं जाणार नाही" असं एक वाक्य असतं आणि ते नेमकं याच बोलण्यांसाठी असतं. नोंदणी किंवा मुद्रांक तिथल्या कायद्याप्रमाणे झाला का, त्याचा खर्च कोणाचा, हे सहीआधी ठरवा. सगळ्या सह्या असलेली प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या, "नंतर पाठवतो" नको.

चावी हातात आल्यावर आत सामान नेण्याआधी विजेच्या आणि असेल तर पाण्याच्या मीटरचा फोटो काढा, किती चाव्या मिळाल्या ते मोजा, आणि दोन्ही आकडे मालकांना मेसेज करा. घर सोडताना पहिला प्रश्न याच दोन आकड्यांवरून निघतो.